ना-हरकत पत्र मागण्याआधी एक हिशोब

भुसावळहून एका भावाचे पत्र आले आहे. वय तीसच्या आसपास, मेकॅनिकलचा डिप्लोमा, केंद्र सरकारच्या एका खात्यात तंत्रज्ञ, सात वर्षांची नोकरी. काम तिन्ही पाळ्यांत. जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नोकरदारांसाठी संध्याकाळची तुकडी आहे, तिथे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन पदवी पूर्ण करायची त्यांची इच्छा आहे. महाविद्यालयाने कार्यालयाचे ना-हरकत पत्र मागितले. भावाने अर्ज दिला. आठ दिवसांनी तो परत आला, आणि कोपऱ्यात साहेबांनी पेन्सिलने दोनच शब्द लिहिले होते: ‘ड्युटीचे काय?’

पत्राच्या शेवटी भावाने दोन प्रश्न विचारले आहेत. शिक्षणासाठी असे पत्र मिळणे हा माझा हक्क आहे का? आणि दुसरा, जो लिहिताना त्यांचा हात जरा थांबला असावा असे अक्षरावरून वाटते: माझे नाव वेगळे असते तर अर्ज परत आला असता का?

दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्ही इथे बसून देऊ शकत नाही. असे घडतच नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण भावाने अर्जाची प्रत सोबत पाठवली आहे आणि ती वाचल्यावर आमचे मत असे झाले की हा अर्ज कोणाच्याही नावाने गेला असता तरी परत आला असता. अर्ज एका वाक्याचा आहे. पुढे शिकायचे आहे, म्हणून एनओसी द्यावी व संध्याकाळची ड्युटी लावू नये, ही विनंती. या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात.

ना-हरकत पत्र म्हणजे काय, ते आधी पाहू. कार्यालय त्यात एवढेच सांगते की हा माणूस ड्युटीच्या वेळेबाहेर अमुक अभ्यासक्रम शिकणार असेल तर आमची हरकत नाही. त्यात कार्यालयाचे काहीच जात नाही. रजा जात नाही, पैसा जात नाही, माणूस कमी होत नाही. म्हणूनच ते सहसा मिळते. पण त्याच अर्जात ‘संध्याकाळची ड्युटी लावू नये’ असे लिहिले की ते पत्र ना-हरकतीचे उरत नाही. आता कार्यालयाला पाळीचा तक्ता बदलावा लागणार, तीन वर्षे दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या वाट्याची दुपार करावी लागणार. ज्या साहेबांकडे एनओसीवर सही करण्याचा अधिकार आहे, त्यांच्याकडे पाळीचा तक्ता असतोच असेही नाही. मग ते कागद परत पाठवतात.

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी या बाबतीत एक जुना आणि अजूनही आधाराला घेतला जाणारा आदेश आहे. गृह मंत्रालयाने २६ फेब्रुवारी १९५५ रोजी काढलेले ते कार्यालयीन ज्ञापन आहे, क्रमांक १३०/५४-एस्टॅब्लिशमेंट (ए). त्याचा आशय असा. फावल्या वेळात नोकराने ज्ञान मिळवायला सरकारची सर्वसाधारणपणे हरकत नाही, मात्र त्याने कामाची कार्यक्षमता कमी होता कामा नये. विद्यापीठाच्या पदवीसाठी प्रवेश घेतला की ठरलेल्या तासांना हजर राहण्याचे आणि परीक्षेच्या दिवसांत कामावर नसण्याचे बंधन आधीच पत्करले जाते, म्हणून खाते अशा प्रवेशाआधी परवानगी घ्यायला सांगू शकते. परवानगी सामान्यतः द्यावी. पण कधीही, कारण न सांगता ती काढून घेता येईल, अशी अट त्यात घालता येते.

भावाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. हा हक्क नाही, परवानगी आहे, पण सामान्यतः द्यायचीच परवानगी आहे. आणि साहेबांना नेमकी कशाची काळजी करायला सांगितली आहे, तेही त्यात स्पष्ट आहे: रोजचे तास, परीक्षेचे दिवस आणि कामाची गुणवत्ता. पेन्सिलने लिहिलेल्या त्या दोन शब्दांत या तिन्ही गोष्टी आल्या. अर्जात त्यांची उत्तरे आधीच लिहिलेली असती, तर साहेबांना विचारायला काही उरले नसते. रेल्वे, आयुध निर्माणी, टपाल यांचे आपापले आदेश आणि आपापले नमुने असतात, तेव्हा आपल्या आस्थापना शाखेत आधी विचारून घ्यावे. मुद्दे मात्र याहून फारसे निराळे नसतात.

आता तासांचा हिशोब. आमच्या मते अर्जाचा कागद हातात घेण्याआधी तो करायला हवा, कारण त्यावरूनच कळते की एनओसी मिळाली तरी पदवी होणार आहे की नाही. भावाने वेळापत्रक कळवले आहे: सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहा ते नऊ, रोज एकेक तासाचे तीन तास. त्यांच्या पाळ्या सकाळी सहा ते दुपारी दोन, दुपारी दोन ते रात्री दहा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा अशा आहेत आणि दर आठवड्याला बदलतात. साप्ताहिक सुट्टी आपण रविवारीच धरू.

एका सत्रात शिकवण्याचे साधारण ९० दिवस धरले, म्हणजे २७० तास. हजेरीची अट ७५ टक्के असेल तर किमान २०३ तास बसले पाहिजे. ९० दिवसांपैकी ३० दिवस सकाळची पाळी. दोनला सुटून, जेवून, थोडे आडवे होऊन सहाला जळगावात पोचता येते. हे ९० तास पूर्ण मिळतात. ३० दिवस रात्रपाळी. जळगाव ते भुसावळ पंचवीसेक किलोमीटर, रात्री दहाला कामावर उभे राहायचे, म्हणजे गाडी, रिक्षा, कपडे बदलणे धरून आठला वर्गातून निघालेले बरे. दिवसाला दोन तास, म्हणजे ६० तास. उरलेले ३० दिवस दुपारची पाळी. सहाला तुम्ही कामावर आहात. शून्य.

एकूण झाले १५० तास. हवेत २०३. तूट ५३ तासांची.

म्हणजे भावाने आजच्या पाळीत राहून, एक दिवसही आजारी न पडता, घरात एकही लग्न किंवा मयत न होता सत्र काढले, तरी हजेरी ५५ टक्क्यांच्या आसपास राहते. अशा वेळी एनओसी मिळवून, फी भरून, पहिल्याच सत्राला परीक्षेचा अर्ज अडकतो. अशी मुले आम्ही पाहिली आहेत. फी गेली याचे दुःख असतेच, पण कार्यालयात ‘एनओसी घेतली आणि सोडून दिले’ ही नोंद लोकांच्या तोंडी राहते, आणि पुढच्या वेळी मागणाऱ्याला ती आडवी येते.

ही तूट भरायची तर दुपारच्या पाळीचे काही दिवस सकाळच्या पाळीशी बदलावे लागतील. बदललेला प्रत्येक दिवस तीन तास देतो, तेव्हा किमान १८ दिवस. ३० दिवसांचे दुपारचे पाच आठवडे होतात. प्रत्येक आठवड्यात सहापैकी चार दिवस बदलले तर २० दिवस होतात आणि एकूण २१० तास भरतात. पण मग शिल्लक सातच तासांची राहते, एका तापात ती संपेल. पाच दिवस बदलले तर २२५ तास होतात आणि माणसाला आजारी पडायलाही थोडी जागा राहते. खरा आकडा हा आहे: दुपारच्या पाळीच्या आठवड्यात सहापैकी पाच दिवस कोणीतरी आपल्याशी पाळी बदलली पाहिजे.

असा कोणी आहे का? हे अर्जाआधी शोधायचे. बऱ्याच खात्यांत एखाददुसरा असा सहकारी असतोच ज्याला सकाळी लवकर उठणे नको असते, किंवा ज्याची मुले सकाळी शाळेत जाईपर्यंत त्याला घरी थांबावे लागते. त्याला दुपारची पाळीच बरी वाटते. एकाऐवजी दोघे मिळाले तर उत्तम, म्हणजे एक रजेवर गेला तर दुसरा आहे. आणि हे एकतर्फी राहू देऊ नये. दिवाळीत, गणपतीत त्याची पाळी आपण करावी, तो ईदला आपली करेल. पाळी बदलताना दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. बदल तोंडी नको, रजिस्टरमध्ये किंवा खात्यात जी पद्धत असेल त्या कागदावर पर्यवेक्षकाची सही असू द्यावी. आणि लागोपाठ दोन पाळ्या अंगावर येणार नाहीत असा बदल घ्यावा. यंत्राजवळ काम करणाऱ्या माणसाने झोप न घेता उभे राहणे हा शिक्षणाचा त्याग नाही, तो धोका आहे, आपल्याला आणि शेजारच्यालाही.

काही भाऊ इथे तिसरा मार्ग सुचवतील. हजेरी लावून दोन तास सटकायचे, मित्र सांभाळून घेतो. पगाराचा तास अमानत आहे, एवढे आपल्या घरांत वेगळे सांगायची गरज नाही. सूरह माइदाची पहिलीच आयत करार पाळायला सांगते आणि नोकरी हा करारच आहे. व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. एनओसीत ‘ड्युटीच्या वेळेबाहेर’ असे लिहिलेले असते आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर तारीख व वेळ असते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की सटकलेला प्रत्येक दिवस तुमच्याच सहीने सिद्ध होतो. सकाळी वर्ग, दुपारी काम असा सोयीचा मेळ असेल तर गोष्ट वेगळी. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग १९४६ मध्ये सुरू झाले तेव्हा ते भल्या सकाळी भरत, कारण विद्यार्थी दिवसा कचेऱ्यांत काम करणारे होते. तिथे वेळच नोकरदाराला बघून ठरवली होती. आपल्याकडे वेळ महाविद्यालयाने ठरवलेली आहे, तेव्हा जुळवून आपल्यालाच घ्यायचे आहे.

सहकारी तयार झाले की मग दोन कागद, दोन वेगळे अर्ज. पहिला फक्त ना-हरकत पत्राचा. दुसरा, प्रवेश पक्का झाल्यावर, आपल्या थेट पर्यवेक्षकाकडे, परस्पर संमतीने पाळी बदलण्याचा, त्यावर त्या सहकाऱ्यांच्याही सह्या. पहिल्या अर्जात पाळीचा एकही शब्द मागणी म्हणून येऊ देऊ नका. आश्वासन म्हणून मात्र येऊ द्या.

पहिला अर्ज साधारण असा लिहावा. ज्या कार्यालयात हिंदी किंवा इंग्रजी चालते तिथे त्या भाषेत, मजकूर हाच:

‘प्रति, मा. (सक्षम अधिकाऱ्याचे पद), मार्फत: मा. (थेट वरिष्ठांचे पद). विषय: ड्युटीच्या वेळेबाहेर अर्धवेळ पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेण्यासाठी ना-हरकत पत्र मिळणेबाबत. महोदय, मी आपल्या विभागात (पद) म्हणून (तारीख) पासून कार्यरत आहे. मला (संस्थेचे नाव, गाव) येथे (अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव) या तीन वर्षांच्या अर्धवेळ अभ्यासक्रमास शैक्षणिक वर्ष (वर्ष) पासून प्रवेश घ्यावयाचा आहे. वर्ग सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत भरतात, वेळापत्रक सोबत जोडले आहे. वर्गांना मी फक्त ड्युटीच्या वेळेबाहेर उपस्थित राहीन. परीक्षेच्या दिवसांसाठी मी माझ्या खात्यावरील रजेचा अर्ज वेळापत्रक मिळताच, आगाऊ करीन. अभ्यासक्रमाचा सर्व खर्च मी स्वतः करीन. या प्रवेशाच्या आधारे मी बदली, पाळी अथवा कामाच्या स्वरूपाबाबत कोणताही दावा करणार नाही. प्रशासकीय कारणास्तव ही परवानगी काढून घेण्याचा प्रशासनाचा अधिकार मला मान्य आहे. प्रवेशासाठी कागदपत्रे सादर करण्याची शेवटची तारीख (तारीख) आहे. कृपया ना-हरकत पत्र देण्यात यावे, ही विनंती.’

या मजकुरातील एका वाक्यावर भाऊ अडतील, आम्हाला ठाऊक आहे. पाळीबाबत दावा करणार नाही असे लिहून दिल्यावर दुसरा अर्ज कसा करायचा? दावा आणि विनंती यांत फरक आहे. दोन सहकारी आपखुशीने पाळी बदलतात आणि पर्यवेक्षक तिला मान्यता देतो, ही खात्यात रोज चालणारी गोष्ट आहे. तिच्यात कार्यालयाचा एकही माणूस कमी होत नाही. दावा म्हणजे ‘माझ्याकडे एनओसी आहे, म्हणून मला दुपारची पाळी लावताच येणार नाही’ असे म्हणणे. तेवढे सोडून द्यायचे आहे. आणि म्हणूनच वरचा हिशोब आधी करायचा. सहकारी न मिळता हे वाक्य लिहून दिले, तर आपणच आपल्या हाताने ५५ टक्क्यांवर सही करतो.

परवानगी काढून घेण्याच्या अटीचीही काहींना भीती वाटते. ती अट आपण लिहिली नाही तरी कार्यालय घालतेच. आपण आधीच मान्य केली तर साहेबांना सही करणे सोपे जाते, एवढाच तिचा उपयोग.

अर्जासोबत जोडायचे ते थोडकेच: महाविद्यालयाच्या शिक्क्याचे वेळापत्रक, प्रवेशपुस्तिकेतील ते पान जिथे ना-हरकत पत्र मागितले आहे, आणि महाविद्यालयाने ठरवून दिलेला नमुना असेल तर तो. नमुना असेल तर पत्र त्याच शब्दांत हवे, नाहीतर प्रवेशाच्या खिडकीवर पुन्हा फेरी होते. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. प्रत्यक्ष बोलणे झाले तरी ही प्रत लागतेच.

भावाच्या अभ्यासक्रमापुरती आणखी एक गोष्ट आहे, ती डिप्लोमावाल्या सगळ्यांनी वाचावी. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून महाविद्यालयांना नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेची स्वतंत्र तुकडी चालवायला परवानगी दिली. तिच्या अटींत किमान एक वर्षाची नोकरी आणि नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठराविक अंतराच्या आत असणे, या दोन आहेत. म्हणजे कार्यालयाचे पत्र इथे दोन कामे करते: हरकत नाही हेही सांगते, आणि माणूस कुठे व किती काळ काम करतो तेही. तेव्हा पत्रात रुजू झाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष कामाचे ठिकाण यावे, असे आस्थापना शाखेत नम्रपणे सांगा. नुसते ‘हरकत नाही’ असलेले पत्र घेऊन गेलात तर अनुभवाच्या दाखल्यासाठी दुसरी फेरी होईल.

महाविद्यालयाच्या या तुकडीला परिषदेची चालू वर्षाची मंजुरी आहे ना, तेही एनओसी मागण्याआधी पाहावे, मंजुरीपत्र मागावे. अभियांत्रिकीत हे फार महत्त्वाचे आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परिषदेच्या मंजुरीविना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दणका दिला आणि नोकरीत असलेल्या कित्येकांची पदवी अडचणीत आली. कार्यालयाची ना-हरकत असली म्हणून पदवी मान्य होत नाही. कार्यालय त्याची शहानिशा करत नाही, आपणच करायची. कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी हवी असेल तर मात्र नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखा मार्ग आहेच. तिथे रोज संध्याकाळी बसायचे नसते, आणि तीन पाळ्यांत काम करणाऱ्याला तो कधी कधी जास्त झेपतो. परवानगी मात्र तिथेही आधी घ्यावी. परीक्षेची रजा तिथेही लागतेच.

पत्र हातात आले की सही कोणाची आहे ते बघा. आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा घात होतो तो इथे. पर्यवेक्षक ओळखीचा असतो, त्याच दिवशी सही करून देतो, महाविद्यालयही ते पत्र घेते. तीन वर्षांनी पदवीची नोंद सेवापुस्तकात करायला गेले की शाखा म्हणते, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी कुठे आहे? पर्यवेक्षकाला ती देण्याचा अधिकारच नव्हता. तेव्हा पत्रावर सक्षम अधिकाऱ्याची सही, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख, अभ्यासक्रमाचे व संस्थेचे पूर्ण नाव, आणि कालावधी असावा. काही कार्यालये एकाच शैक्षणिक वर्षासाठी पत्र देतात. मग दरवर्षी जून उजाडण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा. बदली झाली तर नव्या ठिकाणी तेच पत्र चालेल असे गृहीत धरू नका.

खासगी नोकरीतल्यांसाठी वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. आपले नियुक्तिपत्र काढून वाचा. त्यात पूर्णवेळ सेवेची आणि इतर काम न करण्याची अट असते. शिक्षण म्हणजे काम नव्हे, पण मालकाला ते लेखी कळवून कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घेतलेले बरे. वरचाच मजकूर तिथेही चालतो, फक्त सक्षम अधिकाऱ्याच्या जागी मनुष्यबळ विभाग किंवा मालक.

मगरिबचे विचारले आहे. वर्ग सहा ते नऊ, तेव्हा वर्षातले बरेच महिने मगरिब वर्गाच्या मधे येईल, आणि रमजानात इफ्तारही. याचा एनओसीशी संबंध नाही, अर्जात त्याचा उल्लेख करू नये. हा प्रश्न महाविद्यालयाचा आहे. पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना भेटून दोन तासांच्या मधे दहा मिनिटे मागावीत. तुकडीत सगळे नोकरदार, चहाची सुट्टी सर्वांनाच हवी असते, ती त्या वेळेला ठेवणे अवघड नसते. रमजानात रात्रपाळीचा आठवडा आला तर तरावीह आणि वर्ग दोन्ही सांभाळता येणार नाहीत. हेही आतापासूनच धरून चालावे.

आणि घरी बोलावे. सकाळची पाळी असताना घर सध्या दुपारनंतर भावाच्या भरवशावर असते, असे त्यांनी लिहिले आहे: अम्मींना दवाखान्यात नेणे, मुलांचा अभ्यास, बाजार. तीन वर्षे ते संध्याकाळी पाचला निघून रात्री साडेदहाच्या पुढे येणार. दुपारच्या पाळीचा आठवडाही आता सकाळच्या पाळीसारखाच जाईल. हे ज्यांच्या अंगावर पडणार आहे त्यांची, म्हणजे बेगमची आणि अम्मींची, ना-हरकत साहेबांच्या आधी घ्यावी. त्यांना वरचा हिशोब कागदावर दाखवावा, ‘थोडे दिवस’ असे म्हणू नये.

आता पुन्हा त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. वरीलप्रमाणे अर्ज करून पंधरा दिवस काही उत्तर आले नाही, तर आवक क्रमांक लिहून एक स्मरणपत्र द्यावे आणि साहेबांना समक्ष भेटावे. नकार आला तर कारणासह लेखी मागावा, शांतपणे. कारण कळले तर बहुधा त्याचे उत्तरही देता येते. वर्षातले अमुक महिने कामाचे जास्त असतील, तर त्या महिन्यांत परीक्षा येत नाही हे वेळापत्रकाने दाखवता येते. पण कारण देत नाहीत, आणि त्याच विभागात गेल्या दोन-तीन वर्षांत इतरांना अशी पत्रे मिळाली आहेत असे दिसत असेल, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. आपल्या अर्जावर कोणत्या तारखेला काय शेरा झाला, आणि त्या काळात विभागात एकूण किती अर्ज आले व किती मंजूर झाले, एवढेच विचारावे. नावे विचारू नयेत. ती मिळणारही नाहीत आणि सहकाऱ्यांशी विनाकारण वाकडे येईल. उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते. ते आकडे हातात आल्यावर वरिष्ठांकडे दाद मागता येते, आणि तेव्हा बोलणे संशयाचे राहत नाही, कागदाचे होते. आधी मात्र अर्ज असा असू द्या की तो परत पाठवायला कोणालाही कारण सापडू नये.

प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली आणि पत्र हाती नसेल, तर शिक्का असलेली अर्जाची प्रत घेऊन महाविद्यालयात जावे आणि हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात का ते विचारावे. देत असतील तर फी परतीचे नियम लेखी घेऊनच पैसे भरावेत. परवानगीशिवाय वर्गाला बसायला सुरुवात करून मागाहून पत्र मिळवू, हा विचार करू नये. मागील तारखेची परवानगी सहसा देत नाहीत, आणि दिली तरी सेवापुस्तकाच्या वेळी ती वादाची ठरते.

पदवी पूर्ण झाली की शेवटची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती, सोबत त्या ना-हरकत पत्राची प्रत जोडून, सेवापुस्तकात नोंद करण्याचा अर्ज लगेच द्यावा. विभागीय परीक्षेची जाहिरात येईपर्यंत थांबू नये. जाहिरातीत शेवटची तारीख असते आणि नोंदीचे काम तेवढ्या दिवसांत होत नाही. भावाला आम्ही पाळ्यांचा हिशोब वेगळा करून टपालाने पाठवला आहे. दोन सहकाऱ्यांशी बोलणे झाले की अर्ज नव्याने द्यावा, आणि काय झाले ते इन्शाअल्लाह आम्हाला कळवावे.